ठशाची साक्ष

मराठी दप्तरांतील जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांस पत्राच्या शेवटी येणारे 'मोर्तब सूद' हे शब्द परिचयाचे असतील. मजकूर संपला, आता यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, असे सांगणारा तो शिक्का होय. शिरोभागी मुद्रा आणि शेवटी मोर्तब, या दोहोंच्या मध्ये जे लिहिले तेवढेच खरे. 'शिक्कामोर्तब होणे' हा शब्दप्रयोग आपल्या नित्याच्या बोलण्यात आला तो या पद्धतीतूनच. परंतु अलीकडे आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या मंडळींच्या हाती कागद नसतोच. असते ती कागदाची स्कॅन केलेली प्रतिमा, आणि तीही बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. मग प्रश्न येतो तो असा: "सर, हा शिक्का वरून चिकटवल्यासारखा दिसतो. कागद बनावट असेल का?" या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळ शहाणी माणसे चुकतात, हे आम्ही एका प्रकरणात जवळून पाहिले. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचे योजिले आहे.

हे प्रकरण आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरचे. पंचगंगेच्या काठी त्यांची वडिलार्जित जमीन. चुलत्याशी वाटणीचा तंटा. विद्यार्थ्याच्या बाजूने आधार म्हणून होती संस्थानी अमलातील १९३६ सालच्या एका हुकमाची खरी नक्कल. चुलत्याच्या बाजूने होते दोन कागद, एक संमतिपत्र आणि एक जबाब. दोन्ही १९५८ सालचे, परंतु एकमेकांपासून पाच महिन्यांच्या अंतराने झालेले. तिन्ही कागद दोन्ही घरांत केवळ स्कॅनच्या रूपाने फिरत होते. त्यांपैकी १९३६ च्या नकलेवरील जांभळा गोल शिक्का पाहताच कोणालाही संशय यावा असा होता. त्याची अक्षरे काळजीपूर्वक कोरल्यासारखी तीक्ष्ण, तर भोवतालचे वर्तुळ धुरकट व एका बाजूस नाहीसेच झालेले. अक्षरांभोवती फिकट पांढरी किनार, आणि शिक्क्याखालून जाणारी लेखणीची ओळ मध्येच तुटलेली. चुलत्याने भावकीच्या बैठकीत तो पडदा सर्वांना दाखवला आणि "हा कागद दुसरीकडून कापून आणलेला आहे" असे सांगितले. त्या दिवसापासून पुढे चार वर्षे दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद होते. चुलत्याच्या दोन कागदांवरील शिक्के मात्र नीटनेटके, एकजीव आणि निर्दोष दिसत होते. त्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

या दोहोंचा निकाल लावण्यापूर्वी, शिक्का कागदाची साक्ष देतो म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. मराठी अमलातील शिक्का धातूचा असे व शाईत बुडवून कागदावर उठवीत. लांबलचक सनदेसाठी कागदाचे अनेक बंद एकास एक चिकटवीत, आणि पाठीमागे त्या जोडांवर शिक्का उमटवण्याची चाल होती. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या बंदावर. मधला एखादा बंद काढून कोणी दुसरा घातला, तर ठशाच्या दोन अर्धांचा मेळ बसत नसे. या चालीचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. शिक्क्याची आकृती हुबेहूब कोरणारा कारागीर पूर्वीही मिळत असे, म्हणून केवळ आकृतीवर कोणी विसंबत नसे. खरी साक्ष होती ती ठशाचा आणि त्या विशिष्ट कागदाचा जो संबंध जडतो त्याची: शाई कोणत्या अक्षरावरून गेली, कोणत्या घडीत शिरली, कोठे झिरपली, कोठला जोड तिने ओलांडला, यांची.

हा संबंध तपासून पाहण्याची संधीच मिळाली नाही तर केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण आमच्या शेजारच्या साताऱ्याचे आहे. प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याचा आरोप आला, तेव्हा महाराजांची म्हणून काही पत्रे पुढे करण्यात आली. ती बनावट आहेत, असे महाराजांचे म्हणणे होते. रीतसर चौकशी होऊन आपल्याला उत्तर देण्याची संधी मिळावी, हे त्यांचे मागणे होते. ते मान्य झाले नाही, आणि १८३९ साली त्यांना गादीवरून काढून काशीस पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले. महाराज १८४७ साली काशीसच वारले. कागद खरे की खोटे हा वाद ज्याच्याविरुद्ध कागद आहे त्याच्यासमोर आणि मूळ कागद मध्ये ठेवून व्हावयास हवा, ही साधी गोष्ट तेथे घडली नाही. भावकीच्या बैठकीत पडद्यावरची प्रतिमा दाखवून निकाल देणे हे त्याच चुकीचे घरगुती रूप होय.

पुढे इंग्रजी पद्धतीच्या कचेऱ्या वाढल्या, तसा धातूच्या शिक्क्याच्या जोडीस रबरी शिक्का आला. रबर टिकाऊ करण्याची गुडियरची कृती १८४४ सालच्या पेटंटाची. तीनंतर काही दशकांत रबरी शिक्के रूढ झाले. रबर मऊ असल्यामुळे त्याचा प्रत्येक ठसा थोडा निराळा उठतो. हात जोरात पडला तर अक्षरे फुगतात व कडेला शाई दाट होते. गादी कोरडी असली तर मधली अक्षरे फिकी पडतात. शिक्का किंचित कलता धरला तर एक बाजू उठतच नाही. रबरात धूळ बसली तर तेवढी जागा कोरी राहते, आणि धूळ निघाली की पुढल्या ठशात ती भरून येते. एकाच शिपायाने एकाच शिक्क्याने लागोपाठ मारलेले दोन ठसेदेखील शाईच्या दृष्टीने तंतोतंत जुळत नाहीत. आकृती तीच, पण छटा वेगळी. हे तत्त्व पुढे आमच्या कामी आले.

आता स्कॅनकडे वळू. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र एवढीच आपली समजूत असते. परंतु कित्येक कचेऱ्यांतील यंत्रे छायाचित्र जसेच्या तसे ठेवीत नाहीत, कारण तसे केल्यास फाइल फार जड होते. ती पानाचे दोन वा अधिक थर करतात. जे अक्षर आहे असे यंत्रास वाटते ते एका थरात, बारीक दाण्याने आणि एकाच सपाट रंगात ठेवले जाते. उरलेला कागदाचा रंग, डाग, सावल्या दुसऱ्या थरात जाड दाण्याने, पुसट करून ठेवल्या जातात. पहिल्या थराचा दाणा इंचास ३०० ठिपक्यांचा असेल, तर दुसऱ्याचा १०० किंवा १५० चा. पान उघडताना हे थर एकावर एक बसतात आणि आपल्याला एकच पान दिसते. साध्या काळ्या मजकुराच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. पण रंगीत शिक्का आला की यंत्राचा गोंधळ उडतो. शिक्क्यातील ठळक अक्षरे त्यास मजकूर वाटतात, म्हणून ती तीक्ष्ण थरात जातात. फिकट वर्तुळ त्यास डाग वाटते, म्हणून ते पुसट थरात राहते. अक्षरे उचलली गेली तेथे मागच्या थरात पांढुरकी जागा उरते. तीच ती किनार, जी पाहून माणूस म्हणतो, "चिकटवला आहे!"

हा भ्रम किती दूर जाऊ शकतो, हे अमेरिकेत दिसून आले. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांच्या जन्मदाखल्याची स्कॅन प्रत त्यांच्या कार्यालयाने प्रसिद्ध केली. लोकांनी ती फाइल उघडून पाहिली, तो तिच्यात अनेक थर निघाले. निबंधकाच्या सहीचा शिक्का एका थरात, तारखेचा शिक्का दुसऱ्या थरात. हे तुकडे सुटे करून हलवताही येत होते. झाले! दाखला जुळवाजुळव करून बनवला आहे, असा गवगवा झाला आणि तो कित्येक वर्षे चालला. पुढे कार्यालयीन वापराच्या एका स्कॅन यंत्रात साधा कागद घातला असता तसेच थर आणि तशाच किनारी आपोआप उत्पन्न होतात, हे २०१३ साली काही चिकित्सक मंडळींनी प्रयोगाने दाखवून दिले. गंमत अशी की त्या दाखल्यावर कचेरीचा शाईविना उठवलेला शिक्काही होता. एका वार्ताहर महिलेने मूळ दाखला हाती घेऊन तो बोटांनी चाचपला होता. पण उठावास रंग नसल्यामुळे स्कॅनमध्ये तो जेमतेमच दिसत होता. म्हणजे जो शिक्का कागदावर सर्वांत पक्का होता, तोच प्रतिमेत सर्वांत दुबळा ठरला.

आमच्या विद्यार्थ्याच्या नकलेचे परीक्षण आम्ही या दृष्टीने आरंभिले. फाइलीतील चित्रे सुटी केली, तेव्हा अपेक्षेप्रमाणे एक पुसट पार्श्वभूमी व एक तीक्ष्ण थर असे दोन निघाले. तथापि एवढ्यावरून शिक्का खरा ठरत नाही. लबाड मनुष्यही शिक्का चिकटवून मग तो कागद अशाच यंत्रात घालील. म्हणून आम्ही एक वेगळा प्रश्न विचारला: पानावर अशी आणखी कोठली वस्तू आहे काय, जी चिकटवण्यात कोणाचाच काही फायदा नाही, आणि तरीही तिच्यावर ही खूण आहे? तशा वस्तू सापडल्या. कोपऱ्यातील पानाचा आकडा तसाच तीक्ष्ण व पांढऱ्या किनारीचा होता. नकलेवर मागाहून तांबड्या शाईने मारलेली एक रेघ अर्धी तीक्ष्ण, अर्धी धुरकट होती. समासात शाईचा एक थेंब सांडला होता, त्यालाही तीच किनार होती. सांडलेला थेंब दुसऱ्या कागदावरून कापून आणण्याची तसदी कोण घेईल? दोष शिक्क्याचा नव्हता, साऱ्या पानाचा होता, आणि तो यंत्राने केलेला होता.

तरीही आम्ही तेथे थांबलो नाही. मूळ नक्कल ज्या दप्तरात होती तेथे रीतसर अर्ज करून ती पाहिली. खिडकीपाशी कागद कलता धरला असता जांभळी शाई शेवटच्या ओळीतील दोन अक्षरांवरून सरळ गेलेली दिसली. स्कॅनमध्ये तुटलेली ती ओळ कागदावर अखंड होती. पाठीमागे वर्तुळाची शाई फिकट झिरपली होती, आणि जी बाजू स्कॅनमध्ये नाहीशी होती ती कागदावर पुसट पण स्पष्ट होती. नक्कल खरी होती.

मग आम्ही त्या दोन निर्दोष कागदांकडे वळलो, ज्यांकडे कोणी वळले नव्हते. दोन्हींवर गावच्या कचेरीचा लंबगोल शिक्का होता. दोहोंच्या रंगीत प्रती समान मापाने छापून घेतल्या आणि खिडकीच्या काचेवर एकीवर एक धरल्या. आकृती जुळली, यात नवल नव्हते. शिक्का एकच असेल तर ती जुळलीच पाहिजे. नवल याचे वाटले की बाकी सर्वही जुळले. लंबगोलाच्या वरच्या अंगास शाई न उठल्याने पडलेली फट दोहोंत त्याच जागी आणि तेवढीच रुंद. एका 'त' च्या दांड्यावर साचलेला थेंब दोहोंत. उजव्या कडेबाहेर पडलेला बारीक ठिपका दोहोंत. डावीकडचा कलही तंतोतंत तोच. पाच महिन्यांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या दिवशी, हाताचा दाब, शाईची ओल, शिक्क्याचा कल आणि कडेचा ठिपका हे सारे पुन्हा एकवार जसेच्या तसे जुळून यावे, हे संभवत नाही.

ठसा कोणता मूळचा व कोणता उचललेला, हेही कागदांनीच सांगितले. दुसऱ्या कागदावरील शिक्क्याच्या आत काळ्या शाईची एक वाकडी रेघ होती. त्या ठिकाणच्या कोणत्याही शब्दाचा ती भाग नव्हती. वर मात्रेची जागा नाही, खाली उकाराची नाही, अधांतरी लोंबणारा तो तुकडा होता. पहिल्या कागदावर पाहिले तो शिक्क्याखालून 'जमीन' हा शब्द जात होता, आणि त्या शब्दाच्या वेलांटीचा वरचा बाक नेमका त्या आकाराचा आणि त्या जागी होता. शिक्का उचलताना भोवतालचा मजकूर पुसला गेला, पण जेथे शाईवर शाई पडली होती तेथे वेलांटीचा तुकडा शिक्क्याबरोबर चालत आला. चोराच्या पायाला लागलेली माती म्हणतात ती हीच.

येथे एक शंका चिकित्सक वाचकांस येईल, आणि ती रास्त आहे. हीही यंत्राचीच करामत नसेल कशावरून? काही यंत्रे जागा वाचवण्यासाठी एकसारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवतात आणि तोच नमुना पानभर वापरतात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाने दाखवून दिले की झेरॉक्सची काही यंत्रे या रीतीने ६ च्या जागी ८ छापून मोकळी होत, आणि चूक डोळ्यांस मुळीच दिसत नसे. म्हणून एकाच स्कॅन पानावर दोन 'क' अगदी सारखे दिसले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. परंतु ही काटकसर लहान, एकरंगी चिन्हांपुरती असते व एकाच फाइलीच्या आत चालते. आमच्यासमोरचे दोन कागद निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या फाइलींत, थर न करता घेतलेली रंगीत छायाचित्रे होती. छटांसह अख्खा शिक्का एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत यंत्र आपण होऊन नेत नाही. तेथे माणसाचा हात लागतो.

दुसरीही मर्यादा सांगितली पाहिजे. ठसा उचललेला आहे एवढे कळले म्हणजे लबाडी सिद्ध झाली, असे नव्हे. हल्ली पुष्कळ कार्यालये आपल्याच शिक्क्याची प्रतिमा संगणकात ठेवून पत्रांवर छापतात. तेथे शंभर पत्रांवरील शंभर ठसे एकच असणार, आणि त्यात खोटे काहीच नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यास तर शाईच्या शिक्क्याची गरजच उरलेली नाही. परंतु १९५८ साली गावच्या कचेरीत असे साधन नव्हते. त्या सालच्या दोन कागदांवर एकच ठसा असेल, तर तो पुढल्या काळात कोणीतरी तेथे नेला आहे. काळाची ही कसोटी मजकुरासही लागते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. १९५८ च्या कागदावर 'महाराष्ट्र शासन' असा शिक्का निघाला, तर तो त्या दिवशी मारलेला नव्हे. उलट १९५० च्या कागदावर संस्थानी शिक्का असला, तर लगेच ओरड करू नये. नवा शिक्का येईपर्यंत जुनाच वापरणारी कचेरी ही काही अद्भुत गोष्ट नाही.

आमचे टिपण आम्ही दोन्ही बाजूंस दिले, आणि निकाल म्हणून नव्हे तर प्रश्न म्हणून दिले: १९५८ चे मूळ कागद कोठे आहेत? चुलत्याने शोध केला. पहिला कागद, म्हणजे संमतिपत्र, घरातल्या पेटीत मिळाला, आणि तो खरा होता. दुसरा मिळाला नाही. त्याची फाइल कोणी आणून दिली, हे त्या वृद्ध गृहस्थांनाही नीट सांगता येईना. त्यांनी स्वतः ती लबाडी केली नव्हती, असे आमचे मत झाले. त्यांनीही पडद्यावरच विश्वास ठेवला होता, एवढेच. शेवटी संमतिपत्रात जे खरोखर लिहिले होते आणि १९३६ च्या हुकमात जे खरोखर दिले होते, त्या दोहोंच्या आधारे वाटणी झाली. ती दोन्ही घरांच्या पूर्वीच्या मागणीहून निराळी होती. चार वर्षांचा अबोला मात्र कोणत्या हिश्श्यात घालावयाचा, हे कोणाला ठरवता आले नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने न्यायालयात येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रमाणपत्राची अट घातली आहे, आणि त्यात फाइलीचा अंकमुद्रांक, ज्यास हॅश म्हणतात, तो नोंदवावा लागतो. फाइलीत एक ठिपका बदलला तरी हा अंक बदलतो. आमच्या मते हे आजचे मोर्तबच होय. परंतु मोर्तबाची जुनी मर्यादा यासही आहेच. ही फाइल नंतर बदललेली नाही, एवढेच ते सांगते. फाइल होण्यापूर्वी कागदावर काय घडले, हे त्यास ठाऊक नसते. ते विचारावयाचे तर कागदाच्या पाठीमागे शाई झिरपली आहे की नाही, हे पाहण्यासाठी दप्तरापर्यंत चालतच गेले पाहिजे.